चेअर कारमधील आसनाचा क्रमांक व दिशा

मुंबई–मडगाव वंदे भारत गाडीच्या चेअर कारमध्ये प्रत्येक ओळीत मार्गिकेच्या एका बाजूस तीन व दुसऱ्या बाजूस दोन आसने असतात. क्रमांक ओळीने पुढे सरकतात. त्यामुळे लागोपाठचे दोन क्रमांक निरनिराळ्या ओळींतही येऊ शकतात. तिकिटावर ‘WINDOW SIDE’ अशी नोंद असल्यास आसन खिडकीलगतचे समजावे.

ही आसने फिरत नाहीत. सुमारे निम्मी आसने एका टोकाकडे व उरलेली दुसऱ्या टोकाकडे तोंड करून बसविलेली असतात. मडगावला गाडी वळविली जात नाही. म्हणून जाताना पुढे तोंड असलेले आसन परतताना त्याच क्रमांकावर उलट दिशेस राहते. खिडकीतून मात्र तीच बाजू दिसते. उलट बसल्याने मळमळत असल्यास, 180 अंशांत फिरणारी आसने असलेला एक्झिक्युटिव्ह वर्ग निवडावा.