भिंतीवर नसलेले दाणे

स्वयंपाकघरात टाइल्स बसवायला आलेल्या मिस्त्रीने तिपाईवर लेझर लेव्हल ठेवली, बटण दाबलं आणि समोरच्या भिंतीवर लाल आडवी रेघ उमटली. मी दोन मीटरवर उभा होतो. रेघ सरळ होती, पण सपाट लाल नव्हती. तिच्यात असंख्य बारीक दाणे चमचमत होते, जणू कुणी तांबडा रवा चिकटवलाय. "भिंत खरबरीत आहे ना, म्हणून," मिस्त्री म्हणाला. तेव्हा मलाही ते पटलं.

घाम पुसायला मी चष्मा काढला. माझा नंबर उणे तीन. भिंत धूसर झाली, स्विचबोर्ड धूसर झाला, रेघेच्या कडाही पसरल्या. दाणे मात्र जसेच्या तसे, रेखीव! भिंतीवरची एकूण एक गोष्ट पुसट होते आणि दाणे होत नाहीत, तर दाणे भिंतीवर असतीलच कसे? मग मी मान उजवीकडे हलवली. दाणे डावीकडे पळाले. चष्मा लावून हलवली, तर ते कुठल्याच बाजूला न पळता जागच्या जागी लुकलुकत राहिले. भिंतीकडे दोन पावलं गेलो. भिंतीवरचा खरा खडा जवळ गेल्यावर मोठा दिसायला हवा, पण दाणे तेवढेच दिसत राहिले.

मिस्त्रीचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. भिंत खरबरीत असल्याशिवाय हा रवाळपणा येत नाही. पण दाणा केवढा दिसेल हे भिंत ठरवत नाही, बघणाऱ्याच्या डोळ्याचं भोक ठरवतं.

आधी खरबरीतपणाचं पाहू. या लाल प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.६५ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा साधारण दीड हजारावा भाग. रंग दिलेल्या भिंतीचे उंचवटे-खळगे याच्या कित्येक पट मोठे असतात. परत येणारा प्रकाश खळग्यात जातो आणि बाहेर येतो, म्हणजे खोलीचं अंतर दोनदा कापतो. त्यामुळे तरंगलांबीच्या पाव भागाइतका, ०.१६ मायक्रोमीटरचा खळगाही लाटेचा माथा असायच्या जागी खोलगा आणायला पुरतो. भिंतीच्या खळग्यांपुढे हे माप नगण्य आहे. म्हणून प्रत्येक उंचवट्यावरून निघालेली लाट वेगळ्याच टप्प्यावर असते आणि त्या टप्प्यांना कसलाच क्रम नसतो. आरशाची पाठ या मापापेक्षा गुळगुळीत असते, म्हणून आरशातून परतलेल्या किरणात दाणे दिसत नाहीत.

डोळ्याच्या पडद्यावर एका ठिकाणी अशा शेकडो लाटा एकत्र येतात. शंभर माणसांनी एकच हातगाडी धरली आहे आणि जो तो आपल्या मनाला येईल त्या दिशेला ढकलतो आहे, असं समजा. गाडी शंभर जणांच्या जोराने जाणार नाही, साधारण दहा जणांच्या जोराने कुठेतरी सरकेल. कधी योगायोगाने बरेच जण एका बाजूला वळतील आणि ती जोरात पळेल. कधी सगळ्यांचे जोर एकमेकांत जिरतील आणि ती हलणारच नाही. पडद्यावरच्या शेजारच्या ठिकाणी दुसरी शंभर माणसं आणि दुसरी गाडी. जिथे जोर जुळले तिथे चमकता दाणा, जिथे जिरले तिथे काळा डाग. याचा हिशेब मांडला तर एक गोष्ट चकित करते. सरासरीच्या दुपटीहून जास्त उजळ जागा साधारण १३ टक्के भरतात आणि सरासरीच्या दहाव्या भागाहून अंधाऱ्या जागा साडेनऊ टक्के. म्हणजे ही चित्रं मुळातच काळ्याकडे झुकलेली असतात, आणि म्हणूनच इतकी कडक दिसतात.

साध्या दिव्याखाली तीच भिंत सपाट का दिसते? दिव्यात अनेक रंग असतात आणि तो एका बिंदूतून न येता पसरट जागेतून येतो. प्रत्येक रंग आणि दिव्याचा प्रत्येक भाग आपापली वेगळी दाणेदार नक्षी तयार करतो. हजारो नक्ष्या एकमेकींवर पडल्या की उरतो सपाट उजेड. दृश्य तांबडा प्रकाश देणारा हेलियम-निऑन लेझर १९६२ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत तयार झाला आणि त्याच वर्षी तिथल्याच रिग्डन आणि गॉर्डन यांनी या रवाळपणाचं वर्णन छापलं. एका रंगाचा, एका तालाचा प्रकाश भिंतीवर पडल्याबरोबर दाणे समोर आले. इंग्रजीतून आलेलं त्यांचं नाव स्पेकल.

आता भोकाकडे. डोळ्याच्या बाहुलीचा व्यास चार मिलिमीटर धरू. भिंतीवरच्या एका बिंदूतून निघालेला प्रकाश बाहुलीच्या डाव्या कडेतूनही आत येतो आणि उजव्या कडेतूनही, आणि पडद्यावर एका जागी भेटतो. तो बिंदू भिंतीवर किंचित उजवीकडे सरकवला, तर डाव्या कडेची वाट थोडी लांबते आणि उजव्या कडेची थोडी आखडते. या दोन वाटांमधला फरक एका तरंगलांबीएवढा झाला की नव्या बिंदूच्या लाटा जुन्या जागी एकमेकींना पुसून टाकतात आणि डोळ्याला दोन बिंदू वेगळे कळतात. त्याआधी कळत नाहीत. भोक जितकं रुंद, तितकं थोड्याशा सरकण्यानेही वाटांमध्ये मोठा फरक पडतो. म्हणून रुंद भोकाला बारीक तपशील दिसतो आणि अरुंद भोकाला भरड.

डोळ्याला वेगळा न करता येणारा हा भिंतीवरचा लहानात लहान पट्टा म्हणजेच दाण्याचा आकार. कारण सोपं आहे. त्या पट्ट्यातल्या सगळ्या उंचवट्यांचा प्रकाश पडद्यावरच्या एकाच जागी मिसळतो. ही झाली एक हातगाडी. पट्टाभर बाजूला सरकलं की माणसं बदलतात, गाडी बदलते, उजेडही बदलतो. पट्ट्याच्या आतल्या आत तो बदलू शकत नाही. हिशेब एका ओळीचा:

दाण्याची रुंदी ≈ तरंगलांबी × भिंतीपर्यंतचं अंतर ÷ भोकाचा व्यास

माझ्या स्वयंपाकघरात तरंगलांबी ०.०००६५ मिलिमीटर आणि अंतर २००० मिलिमीटर. गुणाकार १.३. त्याला चारने भागलं की साधारण ०.३३ मिलिमीटर, बारीक रव्याएवढा दाणा. अंतर अर्धं केलं तर भिंतीवर मोजलेला दाणाही अर्धा होतो, पण आपण दुप्पट जवळ आलेलो असतो, म्हणून डोळ्याला तो तेवढाच दिसतो. भिंतीच्या पोताचं या सूत्रात नावही नाही, हे लक्षात घ्या. प्लास्टर असो, कार्डशीट असो की सिमेंट, पट्ट्यात पुरेसे उंचवटे मावत असतील तर दाणा सारखाच दिसतो.

यावर विश्वास ठेवायची गरज नाही, करून बघा. लेझर थेट डोळ्यात जाणार नाही आणि कुठल्या चकचकीत टाइलवरून उलटून येणार नाही, एवढी काळजी मात्र हवीच. बघायचा तो फक्त भिंतीवरून पसरलेला उजेड. जाड काळ्या कागदाला सुईच्या टोकाने अर्ध्या मिलिमीटरचं भोक पाडा, डोळ्याजवळ धरा आणि दोन मीटरवरून लाल रेघेकडे बघा. १.३ भागिले ०.५, म्हणजे २.६ मिलिमीटर. दाणे आठपट रुंद होतात. लेव्हलची रेघ जवळपास त्याहून अरुंद असल्यामुळे ती रेघ उरतच नाही, काळ्या फटींनी तुटलेली तांबड्या मण्यांची माळ होते. कागद बाजूला केला की माळ परत रवा होते. मिस्त्रीला हे दाखवलं तेव्हा त्याने कागद माझ्या हातातून घेतला आणि अर्धा तास काम थांबलं.

अंधारात बाहुली सहा-सात मिलिमीटरपर्यंत उघडते. तेव्हा दाणे इतके बारीक होतात की पडद्यावरच्या एकेका पेशीवर एकाहून जास्त दाणे पडतात, पेशी त्यांची सरासरी काढते आणि चमचम फिकी पडते. भरपूर उजेडात बाहुली आकसते, दाणे वाढतात आणि उठून दिसतात.

चष्म्याचं कोडंही इथे सुटतं. चष्मा काढल्यावर भिंतीवरचे बिंदू पडद्यावर पसरतात, त्यामुळे एका जागी आणखी मोठ्या पट्ट्यातला प्रकाश मिसळतो. म्हणजे गाडीला माणसं वाढतात. पण शेजारच्या गाडीपर्यंतचं अंतर बाहुलीच्या रुंदीवर ठरतं, ते तेवढंच राहतं. मिसळायला लाटा आणि अडवायला भोक, एवढंच दाण्यांना लागतं. फोकस लागत नाही. म्हणून ते नेहमी रेखीव असतात. लांबचं न दिसणाऱ्याने मान हलवली तर ते उलट्या दिशेला धावतात, जवळचं न दिसणाऱ्याला मानेच्या दिशेने जाताना दिसतात. नंबर नसलेल्याला ते नुसते लुकलुकतात.

कॅमेऱ्यातही हेच होतं, पण तिथे भोकावर आकडा लिहिलेला असतो. दूरच्या भिंतीसाठी सेन्सरवरचा दाणा ढोबळमानाने तरंगलांबी गुणिले f आकडा. f/16 ला ०.६५ × १६, म्हणजे सुमारे १० मायक्रोमीटर. सेन्सरचा पिक्सेल चार मायक्रोमीटरचा असेल, तर एका दाण्यात आडवे अडीच पिक्सेल बसतात आणि फोटोत दाणे खणखणीत येतात. अपर्चर f/2.8 ला उघडलं की दाणा १.८ मायक्रोमीटरवर येतो. आता एका पिक्सेलवर चार-पाच दाणे पडतात, सेन्सर त्यांची बेरीज करतो आणि काळ्या-उजळातला फरक निम्म्यावर येतो. फोनच्या कॅमेऱ्याचं अपर्चर कायमचं f/1.8 च्या आसपास असतं, म्हणून डोळ्याला लख्ख दिसलेले दाणे फोटोत अनेकदा मिळमिळीत येतात. तिथे दोष फोटो काढणाऱ्याचा नसतो.

लेझर प्रोजेक्टर बनवणाऱ्यांना हे दाणे नको असतात. प्रेक्षकांच्या बाहुल्या काही त्यांच्या हातात नाहीत, म्हणून ते प्रकाशाच्या वाटेत फिरती दुधी काच बसवतात किंवा पडदाच थरथरवतात, म्हणजे डोळ्याच्या एका निमिषात अनेक नक्ष्या सरून जातात. हा सौदा मात्र महाग आहे. रवाळपणा दहाव्या भागावर आणायचा तर एकमेकींशी संबंध नसलेल्या शंभर नक्ष्या लागतात.

त्वचेखालच्या रक्तप्रवाहाचं चित्र काढणाऱ्यांना दाणे हवे असतात. वाहत्या रक्तपेशींवरून परतलेल्या प्रकाशाची नक्षी सतत बदलते, म्हणून फोटोत जिथे रक्त वेगाने वाहतं तिथे दाणे पुसट होतात आणि जिथे थबकतं तिथे ठळक राहतात. पण पुसटपणा दोन कारणांनी येऊ शकतो. रक्त खरंच वाहतंय, किंवा अपर्चर इतकं उघडं आहे की दाणे पिक्सेलच्या आतच विरघळले. हे ओळखायला आधी स्थिर वस्तू, म्हणजे एखादा पांढरा कागद, त्याच कॅमेऱ्याने टिपतात. कागदावरही दाणे फिके आले तर चूक भोकाची. मग दाणा निदान दोन पिक्सेल व्यापेल इतकं अपर्चर बंद करायचं. तेवढं केलं की प्रकाश घटतो, फोटोला जास्त वेळ द्यावा लागतो, आणि त्या वाढलेल्या वेळात सावकाश वाहणारं रक्तही दाणे पुसायला लागतं.