खिळा घुसला, पण टीटी कधी घेतलं ते आठवेना

बांधकामावर सेंट्रिंगच्या फळ्या निघाल्या की खिळ्यांची टोकं वर करून त्या तशाच पडून राहतात. त्यातला एखादा गंजका खिळा रबरी स्लिपर भेदून तळपायात घुसतो. रक्त चार थेंबच येतं. मग दवाखान्यात पहिला प्रश्न होतो, “याआधी टीटी कधी घेतलं होतं?” त्यावर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: “झाली असतील पाच-सात वर्षं… की जास्त?”

गंजाला इथे उगाच बदनामी मिळाली आहे. धनुर्वाताचे जंतू माती, धूळ आणि शेणात बीजरूपाने वर्षानुवर्षं तग धरतात. हवेशी संपर्क नसलेल्या खोल, बारीक जखमेत ते वाढतात आणि विष तयार करतात. त्यामुळे शेणामातीत पडलेला नवाकोरा खिळाही तितकाच धोक्याचा. भळभळा वाहणाऱ्या जखमेपेक्षा वरून लगेच मिटलेलं हे बारीक भोक जास्त फसवं असतं.

डॉक्टरांना तारखेआधी वेगळीच गोष्ट हवी असते: धनुर्वाताच्या लसीचे किमान तीन डोस आयुष्यात कधीतरी पूर्ण झाले आहेत का? तीन डोसांनंतर शरीराला त्या विषाची ओळख पक्की होते आणि पुढचा एक डोस ती लवकर जागी करतो. अशा माणसाची जखम स्वच्छ आणि किरकोळ असेल, तर मागच्या डोसाला दहा वर्षं होईपर्यंत नवा लागत नाही. खिळ्यासारख्या खोल, मळक्या जखमेसाठी ही मुदत पाच वर्षांची. तारीख आठवत नसेल तर पाच वर्षं उलटून गेली असंच धरतात आणि एक इंजेक्शन देतात. तारखेचा घोळ इथेच संपतो.

खरा पेच पुढे आहे. समजा, जखमी माणूस साठीचा शेतकरी आहे. भारतात बालकांसाठीचा लसीकरण कार्यक्रम १९७८ साली सुरू झाला, म्हणजे त्याचं बालपण त्याआधीच सरलं होतं. डॉक्टर खोदून विचारतात: कधी टाके पडले होते का? ऑपरेशन? कुत्रा चावला होता? फौजेत होता का? त्याला एवढंच आठवतं की बऱ्याच वर्षांपूर्वी कोयता लागला तेव्हा एक सुई घेतली होती. एक डोस म्हणजे तीन नव्हेत. याच वयाच्या त्याच्या बायकोला गरोदरपणात लस मिळालेली असू शकते, त्यामुळे तिचा हिशेब वेगळा निघेल.

अशा वेळी लस एकटी पुरत नाही. पहिल्यांदाच लस टोचलेल्या शरीराला प्रतिकारशक्ती उभी करायला आठवडे लागतात, आणि धनुर्वाताची लक्षणं साधारण तीन ते एकवीस दिवसांत दिसू लागतात. मधल्या काळासाठी तयार प्रतिपिंडं द्यावी लागतात. टेटॅनस इम्युनोग्लोब्युलिन नावाच्या या इंजेक्शनची नेहमीची मात्रा २५० युनिट. लस एका दंडात दिली तर हे वेगळ्या सिरिंजने दुसऱ्या जागी. प्रत्येक छोट्या दवाखान्यात ते असतंच असं नाही. म्हणून “मला आधीच्या तीन डोसांची खात्री नाही” हे वाक्य रुग्णाने स्वतःहून उच्चारलेलं बरं. नाहीतर नुसतं टीटी टोचून घरी पाठवणी होते.

टीटी म्हणायची सवय आहे, पण सरकारी कार्यक्रमात आता त्याजागी टीडी देतात. त्यात घटसर्पाचीही लस असते.

“चोवीस तास उलटले, आता काय उपयोग?” म्हणून घरी बसणाऱ्यांची गोष्ट निराळी. लवकर गेलेलं उत्तमच, पण दोन-तीन दिवस उशीर झाला तरी इंजेक्शन घ्यावं. याच्या उलट टोकाला दर सहा महिन्यांनी, प्रत्येक खरचटण्याला सुई मागणारी मंडळी आहेत. त्यांना जास्तीचं संरक्षण काही मिळत नाही. वारंवार डोस घेतल्याने दंड खांद्यापासून कोपरापर्यंत सुजून ठणकू मात्र शकतो.

सुई घेतली म्हणून जखम विसरायची नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने ती नीट धुवावी. चुना, राख, शेण काहीही भरू नये. चपलेचा किंवा मोज्याचा तुकडा आत राहिला आहे का, हे डॉक्टरांना पाहू द्यावं. दोन-चार दिवसांनी ठणका कमी होण्याऐवजी वाढला, तर तो बहुधा धनुर्वाताचा नसून साध्या जंतुसंसर्गाचा असतो, आणि तो हाडापर्यंतही पोहोचू शकतो. मधुमेहींना तळपायाची संवेदना कमी असते, त्यांनी दुखायची वाट न बघता रोज पाय तपासावा. तोंड उघडायला त्रास होऊ लागला, जबडा आवळल्यासारखा वाटला, तर ही दातखिळीची सुरुवात असू शकते. तडक मोठं रुग्णालय गाठावं.

आणि तो शेतकरी? त्याचा दुसरा डोस चार आठवड्यांनी, तिसरा त्यानंतर सहा ते बारा महिन्यांनी. जखम तोवर भरलेली असते आणि बहुतेक जण परत जातच नाहीत. केसपेपरचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा आणि पुढच्या दोन्ही तारखा निघण्याआधीच लिहून घ्या.