एका कोसाइनमधून पुढची सगळी

अकरावीत त्रिकोणमितीचं प्रकरण आलं की दोन सूत्रं पाठ करावी लागतात. cos 2x = 2cos²x − 1 हे एक आणि cos 3x = 4cos³x − 3cos x हे दुसरं. बहुतेक मुलं ती सुटी सुटी पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. मला याची खंत वाटते, कारण ही दोन सूत्रं एकाच क्रमातली लागोपाठची पदं आहेत आणि तो क्रम पुढे कुठेच थांबत नाही. कोनाची दुप्पट करा, सातपट करा, शंभरपट करा. त्या मोठ्या कोनाचं कोसाइन मूळ कोनाच्या कोसाइनचे घात, त्यांचे पूर्णांक सहगुणक आणि बेरीज-वजाबाकी एवढ्यावर लिहिता येतं. म्हणजे cos nx ही cos x ची बहुपदी असते.

यासाठी लागणारा मालमसाला शाळेतलाच आहे. दोन कोनांच्या बेरजेचं आणि वजाबाकीचं सूत्र आठवा:

cos(A + B) = cos A cos B − sin A sin B
cos(A − B) = cos A cos B + sin A sin B

दोन्हींची बेरीज केली की साइनची पदं एकमेकांना कापतात. उरतं ते फक्त 2 cos A cos B. आता A च्या जागी nx आणि B च्या जागी x ठेवा, आणि एक पद पलीकडे न्या:

cos (n+1)x = 2 cos x · cos nx − cos (n−1)x

सगळं काम या एका ओळीत आहे. हातातल्या शेवटच्या पदावलीला 2cos x ने गुणायचं आणि तिच्या आधीची पदावली वजा करायची, की पुढची तयार. सुरुवातीला दोन लागतात, आणि त्या फुकटच मिळतात: शून्यपट कोनाचं कोसाइन 1 आणि एकपटीचं cos x स्वतःच. लिहिण्याच्या सोयीसाठी cos x ला c म्हणू.

दुप्पट कोनासाठी c ला 2c ने गुणून 1 वजा केला की 2c² − 1 येतं. पाठ केलेलं सूत्र विनासायास हाती आलं. तिप्पट कोनासाठी:

cos 3x = 2c(2c² − 1) − c = 4c³ − 3c

हेही ओळखीचंच. इथून पुढची सहसा वर्गात येत नाहीत:

cos 4x = 2c(4c³ − 3c) − (2c² − 1) = 8c⁴ − 8c² + 1
cos 5x = 2c(8c⁴ − 8c² + 1) − (4c³ − 3c) = 16c⁵ − 20c³ + 5c

पहिला सहगुणक दर पायरीला दुप्पट होतो: 2, 4, 8, 16. कारण उघड आहे. आपण दर वेळी 2c ने गुणतो आणि वजा होणाऱ्या पदावलीचा घात इतका लहान असतो की तिचा या पदाला धक्का लागत नाही. शिवाय n सम असेल तर फक्त सम घात येतात, विषम असेल तर फक्त विषम.

चूक होते ती नेहमी एकाच जागी, कंसाबाहेरच्या वजा चिन्हापाशी. पाचपटीच्या ओळीत शेवटचा −3c कंसातून बाहेर येताना +3c होतो. ते विसरलं तर 5c च्या जागी −c पडतं, आणि पुढचं प्रत्येक सूत्र बिघडत जातं. ही चूक पकडण्याची युक्ती सोपी आहे. x शून्य ठेवला तर c ची किंमत 1 होते आणि कुठल्याही पटीतलं कोसाइनही 1 च असतं. म्हणून सगळ्या सहगुणकांची बेरीज 1 आलीच पाहिजे. बरोबर ओळीत 16 − 20 + 5 = 1. चुकलेल्या ओळीत 16 − 20 − 1 = −5, म्हणजे लगेच उघडं पडलं. कधी दोन चुका एकमेकींना झाकतात. तेव्हा ६० अंश घालून पाहावं. c = 1/2 ठेवला की पाचपटीच्या सूत्रातून 1/2 − 5/2 + 5/2, म्हणजे 1/2 मिळतं, आणि ३०० अंशांचं कोसाइनही तेवढंच आहे.

साइनच्या बाबतीत असं का चालत नाही, हा प्रश्न जिज्ञासू विद्यार्थी विचारतोच. ३० अंश आणि १५० अंश यांचं साइन एकच, 1/2. पण दुप्पट केल्यावर ६० आणि ३०० अंश होतात, आणि त्यांच्या साइनची चिन्हं उलट असतात. एकाच किमतीतून दोन वेगळी उत्तरं कुठलीही बहुपदी देऊ शकत नाही. कोसाइनला ही अडचण नाही. एकच कोसाइन असलेले कोन म्हणजे x आणि −x, किंवा पूर्ण फेऱ्यांनी वेगळे असलेले. त्यांना पूर्ण संख्येनं गुणलं तरी कोसाइन तेच राहतं. साइनचं जमतं ते फक्त विषम पटींमध्ये.

आतापर्यंत आपण लहान कोनाकडून मोठ्याकडे गेलो. खरी गंमत उलट्या दिशेला आहे. मोठ्या कोनाचं कोसाइन माहीत आहे आणि लहान कोनाचं हवं आहे, असं म्हटलं की सूत्राचं समीकरण होतं. ३६ अंश घ्या. त्याची पाचपट १८० अंश आणि तिथलं कोसाइन −1. म्हणून

16c⁵ − 20c³ + 5c + 1 = 0

पाचव्या घाताचं समीकरण पाहून धडकी भरते, पण याचे अवयव सुरेख पडतात:

(c + 1)(4c² − 2c − 1)² = 0

हा वर्ग कुठून आला? ज्यांची पाचपट १८० अंशांवर येऊन पडते असे कोन पाच आहेत: ३६, १०८, १८०, २५२ आणि ३२४. त्यांपैकी ३६ आणि ३२४ यांचं कोसाइन एकच, १०८ आणि २५२ यांचंही एकच. म्हणून दोन मुळं दोनदोनदा येतात आणि १८० अंशांचं −1 एकटं राहतं. वर्गसमीकरण सोडवलं की धन मूळ (1 + √5)/4 मिळतं, साधारण 0.809. हेच ३६ अंशांचं कोसाइन.

तीनने भागण्यात मात्र वाट अडते. ६० अंशांचा तिसरा भाग २० अंश. 4c³ − 3c = 1/2, म्हणजे 8c³ − 6c − 1 = 0. इथे 2c ला u म्हटलं तर u³ − 3u − 1 = 0 उरतं. याला परिमेय मूळ असेल तर ते 1 किंवा −1 च असू शकतं, आणि दोन्ही घालून पाहिली तर −3 आणि 1 येतात, शून्य येत नाही. म्हणजे या समीकरणाचे परिमेय सहगुणकांचे अवयव पडत नाहीत. पट्टी आणि कंपासनं फक्त वर्गमुळांपर्यंत पोचता येतं; म्हणून ६० अंशांचा कोन या दोन साधनांनी तीन समान भागांत वाटता येत नाही. ग्रीकांपासून चालत आलेल्या या प्रश्नाचा निकाल फ्रेंच गणिती पिएर वाँत्सेल यांनी १८३७ मध्ये लावला.

पट्टी-कंपासनं होत नाही म्हणून ज्योतिषांचं काम थांबलं नव्हतं. त्यांना कोष्टकासाठी १ अंशाचं साइन हवं होतं आणि ३ अंशांचं हाती होतं. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला समरकंदमध्ये अल-काशी यांनी हाच तिप्पट कोनाचा संबंध वापरला. साइनसाठी तो sin 3x = 3s − 4s³ असा आहे. त्यातून s = (sin 3x + 4s³)/3 असं लिहून घ्यायचं, उजवीकडे अंदाज घालायचा, डावीकडे सुधारलेली किंमत मिळते, तीच पुन्हा उजवीकडे घालायची. स्वतः करून पाहा: sin 3° म्हणजे 0.0523360. त्याचा तिसरा भाग 0.0174453 हा पहिला अंदाज. त्याच्या घनाची चौपट तीनने भागली की 0.0000071 होते. मिळवली की 0.0174524, आणि सात दशांश स्थळांपर्यंत sin 1° हेच आहे. एका फेरीत!

आपल्याकडे हे काम कमलाकरांनी केलं. त्यांचं घराणं मूळचं गोदाकाठच्या गोलग्रामचं, पुढे काशीला स्थायिक झालेलं. १६५८ मधल्या ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ या ग्रंथात त्यांनी दुप्पट, तिप्पट, चौपट आणि पाचपट कोनांची सूत्रं दिली, आणि कोनाच्या तिसऱ्या व पाचव्या भागाची ज्या काढण्यासाठी अशीच पुनःपुन्हा सुधारत जाण्याची रीत सांगितली.

आणखी एक गुण सांगितला पाहिजे. सहापट म्हणजे तिपटीची दुप्पट. म्हणून दुपटीच्या सूत्रात c च्या जागी तिपटीचं सूत्र घातलं की काम झालं:

cos 6x = 2(4c³ − 3c)² − 1 = 32c⁶ − 48c⁴ + 18c² − 1

या गुणाच्या बळावर एक प्रसिद्ध आव्हान पेललं गेलं. १५९३ मध्ये आद्रियान व्हान रोमेन यांनी जगातल्या गणितींपुढे ४५व्या घाताचं समीकरण ठेवलं. त्याची सुरुवात 45x − 3795x³ + 95634x⁵ अशी होते. फ्रान्सच्या फ्रान्स्वा व्हिएत यांनी त्या आकड्यांमागचा कोन ओळखला: x हे एका कोनाच्या साइनची दुप्पट, आणि समीकरण त्याच्या ४५ पटीचं. ४५ म्हणजे ३ × ३ × ५. त्यामुळे ते अवाढव्य समीकरण दोन घनसमीकरणं आणि एक पाचव्या घाताचं समीकरण यांत मोडलं. व्हिएत यांनी २३ धन मुळं दिली. ऋण मुळांना त्या काळी सहसा उत्तर मानत नसत.

मोठ्या पटींसाठी एक सावधगिरी हवी. cos 50x ची बहुपदी पूर्ण लिहिली तर पहिलाच सहगुणक पंधरा अंकी येतो. एवढाल्या संख्या अधिक-वजा होऊन उत्तर मात्र −1 ते 1 च्या दरम्यान उरायचं असतं, आणि साध्या कॅल्क्युलेटरवर त्या कापाकापीत सगळे खरे अंक वाहून जातात. आकडा हवा असेल तर बहुपदी उलगडू नये; 2c ने गुणा आणि मागचं वजा करा, ही पायरी आकड्यांवरच चालवावी.

पण सातपटीची बहुपदी एकदा हातानं जरूर लिहा. पाचपटीची आणि सहापटीची वर दिली आहेत, तेवढी पुरे. 64c⁷ पासून सुरू होऊन −7c वर संपणारी चार पदं आली, सहगुणकांची बेरीज 1 भरली आणि c = 1/2 घातल्यावर उत्तर 1/2 मिळालं, की तुमचं बरोबर आहे.