गरोदरपणात पोटात कळ, कंबरदुखी, पायांवर सूज: नेहमीचं काय आणि डॉक्टरकडे कधी जायचं?

समजा, एका २७ वर्षांच्या पहिलटकरणीचं डोहाळजेवण आहे. तिसावा आठवडा सुरू आहे. सकाळी हिरव्या बांगड्या भरताना मागच्याच महिन्यात घेतलेलं माप हातात जाईना. अंगठी दोन दिवसांपासून निघत नाहीये. संध्याकाळपर्यंत पाय टम्म सुजले. "सातव्या महिन्यात पाय सुजतातच, दिवसभर उभी होतीस ना," असं घरातल्या मोठ्यांनी सांगितलं. रात्री फोटो पाहताना मात्र बहिणीच्या लक्षात आलं की, तिचा चेहराही सुजल्यासारखा दिसतोय.

मोठ्यांचं बोलणं चूक नव्हतं. गरोदरपणात पाय सुजतातच. कंबर दुखते, पोटात अचानक कळही येते. बहुतेक वेळा हे सगळं शरीरातल्या बदलांमुळे होतं. पण हीच लक्षणं कधीकधी वेगळ्या आजाराचीही असू शकतात. मग फरक ओळखायचा कसा?

अचानक येणारी कळ कशाची?

गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना दोरीसारखे दोन बंध असतात. ते पुढे जांघेपर्यंत जातात. त्यांना राउंड लिगामेंट म्हणतात. गर्भाशय वाढतं तसे हे बंध ताणले जातात. चौथ्या ते सहाव्या महिन्यात हा ताण जास्त जाणवतो. कुशीवर वळताना, झटकन उठताना किंवा शिंकताना ते एकदम खेचले जातात आणि ओटीपोटात किंवा जांघेत सुरी खुपसल्यासारखी कळ येते. ती बऱ्याचदा उजव्या बाजूला असते.

ही कळ ओळखायची खूण म्हणजे ती हालचालीमुळे येते आणि काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत जाते. हळू उठल्यानं, शिंक येण्याआधी थोडं पुढे वाकून गुडघे पोटाकडे घेतल्यानं ती कमी होते.

आराम करूनही दुखणं थांबत नसेल, सोबत ताप, थंडी, उलट्या, लघवीला जळजळ किंवा अंगावरून रक्त जात असेल, तर ही कळ लिगामेंटची आहे असं गृहीत धरू नये. उजव्या बाजूचं न थांबणारं दुखणं अपेंडिक्सचंही असू शकतं.

कंबर का दुखते?

पोट पुढे येतं तसा शरीराचा तोल बदलतो. तो सांभाळायला बाई नकळत मागे रेलते आणि कमरेच्या स्नायूंवर भार येतो. त्यातच या काळातल्या संप्रेरकांमुळे ओटीपोटाच्या हाडांचे सांधे सैल होतात. त्यामुळे दिवसभराच्या कामानंतर कंबर जड होते आणि आडवं झाल्यावर बरं वाटतं. कुशीवर झोपून दोन गुडघ्यांमध्ये उशी ठेवणं, बसताना कमरेमागे आधार घेणं, खालची वस्तू उचलताना कमरेत न वाकता गुडघ्यांत वाकणं, याचा उपयोग होतो.

इथे एक चूक नेहमी होते. घरातली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी घेतली जाते. या गटातल्या वेदनाशामक गोळ्यांचा विसाव्या आठवड्यानंतर बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊ शकतो आणि गर्भजल कमी होऊ शकतं. त्यामुळे कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

कंबरदुखीत लक्ष ठेवायचं ते तिच्या लयीवर. ठरावीक अंतरानं कंबर भरून येत असेल, त्याच वेळी पोट दगडासारखं कडक होत असेल आणि हे ३७ आठवड्यांच्या आधी घडत असेल, तर त्या वेळेआधीच्या प्रसूतिकळा असू शकतात. तेव्हा 'कंबर शेकून बघू' म्हणत रात्र काढू नये. पाठीच्या एका बाजूला बरगडीखाली दुखणं आणि थंडी वाजून ताप येणं हे मूत्रपिंडाच्या संसर्गाचं लक्षण असू शकतं.

पायांची सूज: कोणती साधी, कोणती नाही?

गरोदरपणात शरीरातलं रक्त आणि पाणी वाढतं. वाढलेल्या गर्भाशयाचा दाब पायांकडून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीवर पडतो. त्यामुळे पाणी घोट्यांपाशी साठतं. ही साधी सूज दोन्ही पायांवर साधारण सारखी असते, संध्याकाळी वाढते आणि रात्रभराच्या झोपेनंतर बरीच उतरते. पाय उंचावर ठेवणं आणि डाव्या कुशीवर झोपणं, हे पुरेसं असतं. सूज उतरावी म्हणून पाणी कमी पिऊ नये आणि लघवी वाढवणारी गोळी स्वतःहून घेऊ नये.

एकाच पायाला सूज आली, पोटरी दुखते, गरम किंवा लालसर लागते, तर शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. गरोदरपणात हे जास्त करून डाव्या पायात होतं. अशा पायाला तेल लावून चोळू नये, लगेच दवाखाना गाठावा.

दुसरी धोक्याची सूज हात आणि चेहऱ्यावर येते. डोहाळजेवणातल्या त्या बाईच्या बाबतीत महत्त्वाचं लक्षण सुजलेले पाय हे नव्हतं. घट्ट झालेली अंगठी, न जाणाऱ्या बांगड्या आणि सुजलेला चेहरा हे होतं. दुसऱ्या दिवशी ती उठली तेव्हा पाय थोडे उतरले होते, चेहरा तसाच होता आणि डोकं दुखत होतं. दवाखान्यात रक्तदाब १४८/९४ भरला. चार तासांनी पुन्हा मोजला तेव्हा १४६/९२. लघवीत प्रथिनंही सापडली. याला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात.

विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब दोनदा १४०/९० किंवा त्याहून जास्त भरणं आणि लघवीत प्रथिनं जाणं ही त्याची नेहमीची ओळख. १६०/११० म्हणजे तातडीची परिस्थिती. उपचार झाले नाहीत तर झटके येऊ शकतात आणि आई-बाळ दोघांचाही जीव धोक्यात येतो. वेळेत कळलं तर रक्तदाबाच्या गोळ्या, वारंवार तपासण्या आणि बाळाच्या वाढीवर नजर ठेवून आजार सौम्य असेल तर प्रसूती अनेकदा ३७ आठवड्यांपर्यंत पुढे नेता येते.

अडचण ही आहे की, रक्तदाब वाढलेला आपल्याला जाणवतोच असं नाही. काहींना सूज अजिबात येत नाही. म्हणून सूज नाही याचा अर्थ सगळं ठीक, असाही होत नाही. खात्री मोजूनच होते. प्रत्येक तपासणीत रक्तदाब आणि लघवी तपासली ना, हे विचारावं आणि आकडा कार्डावर लिहून घ्यावा. सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर महिलांची मोफत तपासणी होते.

पुढच्या तपासणीची वाट कधी पाहू नये?

- चेहरा किंवा हात अचानक सुजले
- डोकेदुखी थांबत नाही, डोळ्यांपुढे काजवे चमकतात किंवा अंधुक दिसतं
- उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखतं
- अंगावरून रक्त किंवा पाणी जातं
- ३७ आठवड्यांआधी पोट ठरावीक अंतरानं कडक होतं
- एकाच पायाला सूज येते आणि पोटरी दुखते; सोबत धाप लागली तर अजिबात थांबू नये
- बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी जाणवते

यातलं एकही लक्षण दिसलं तर त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्रीच, रुग्णालयात जावं. गाडीची सोय नसेल तर १०८ किंवा १०२ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते.