दोन याद्या, एक निकाल

गुणांची यादी सहसा दोन ठिकाणी तयार होते. प्राध्यापक अंतर्गत गुणांची एक यादी करतात, आणि परीक्षा विभागाकडे बैठक क्रमांकांची दुसरी असते. निकाल लागण्याआधी या दोन याद्या ताडून पाहाव्या लागतात. बहुतेक ठिकाणी त्यासाठी एवढंच पाहिलं जातं की इकडे बासष्ट मुलं, तिकडेही बासष्ट, म्हणजे झालं. संख्या जुळली तरी किती गोष्टी चुकलेल्या असू शकतात, ते एका उदाहरणावरून पाहू.

समजा, वर्गाचे बैठक क्रमांक ४१०१ ते ४१६२ आहेत. प्राध्यापकांची यादी एक्सेलच्या पहिल्या शीटवर आहे आणि परीक्षा विभागाची दुसऱ्या. दोन्हीकडे A स्तंभात क्रमांक, B स्तंभात नाव. पहिल्या शीटवर D आणि E या रिकाम्या स्तंभांत अनुक्रमे ही दोन सूत्रं लिहून खालपर्यंत ओढायची:

```
=IFERROR(VLOOKUP(A2,Sheet2!A:B,2,FALSE),"नाही")
=TRIM(B2)=TRIM(D2)
```

पहिलं सूत्र त्या क्रमांकापुढे परीक्षा विभागाने कोणाचं नाव लिहिलंय ते आणतं. दुसरं दोन्ही नावं सारखी आहेत का ते सांगतं. शेवटचा `FALSE` गाळायचा नाही. तो नसेल तर एक्सेल जवळपासच्या क्रमांकावर समाधान मानतं आणि भलत्याच मुलाचं नाव बिनबोभाट आणून ठेवतं. सगळ्याच ओळींत ‘नाही’ आलं, तर बहुधा एका यादीत क्रमांक अंक म्हणून आहेत आणि दुसरीत मजकूर म्हणून. आधी ते सारखे करून घ्यावेत.

आता आपल्या वर्गात एकही ‘नाही’ आला नाही असं धरू. तरीही हीच तपासणी उलट दिशेने, म्हणजे परीक्षा विभागाच्या यादीकडून, करायलाच हवी. तशी केली की ४११२ पुढे ‘नाही’ उमटतं. प्राध्यापकांनी टाइप करताना अंकांची अदलाबदल होऊन ४११२ चा ४१२१ झाला होता. ४१२१ हा क्रमांक वर्गात आहेच, त्यामुळे तो दोनदा आला तरी पहिल्या फेरीत दोन्ही वेळा सापडला. एकाच बाजूने ताडून पाहणाऱ्याला ४११२ चा विद्यार्थी गायब असल्याचं क्रमांकांवरून कळतच नाही.

यापेक्षा घातक चूक क्रमांकांत दिसतच नाही. E स्तंभात ४१३५ पासून ४१४१ पर्यंत सलग सात `FALSE` आले. नावं नीट वाचली तर ४१३६ पुढे ४१३५ चं नाव, ४१३७ पुढे ४१३६ चं, अशी सगळी एकेक ओळ खाली सरकलेली. कारण शोधलं तेव्हा ते हजेरीपटात निघालं. नावं तिथून उचलली होती. प्रवेश रद्द केलेल्या एका मुलाचं नाव त्यात तसंच राहिलं होतं आणि उशिरा आलेल्या ४१४१ च्या मुलीचं चढलंच नव्हतं. गुण नावं पाहून भरलेले, म्हणून तेही नावांबरोबर सरकले. निकाल क्रमांकावर लागतो. म्हणजे ४१३५ चा मुलगा परीक्षा देऊनही गैरहजर ठरला असता आणि पुढच्या प्रत्येकाला शेजाऱ्याचे गुण मिळाले असते. सुटा `FALSE` बहुधा शुद्धलेखनाचा असतो, पण सलग आले की आधी ओळ सरकल्याचा संशय घ्यावा.

सुटे `FALSE` पुष्कळ येतात. कुठे Laxmi, कुठे Lakshmi. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. लग्नानंतर बदललेलं नाव एकाच यादीत. संकेतस्थळावरून उतरवलेल्या नावांत अशी रिकामी जागा असते जी `TRIM` ने जात नाही. हे सगळं माणसानेच वाचून ठरवायचं. एकाच वर्गात त्याच नावाचे दोघं असतील तर पीआरएन पाहावा लागतो, आणि तिथे एक्सेल स्वतःच घोळ घालतं. मुंबई विद्यापीठाचा पीआरएन सोळा अंकी असतो आणि एक्सेल अंकांत पंधराच जपतं. सोळाव्याचं शून्य करतं. फक्त शेवटचा अंक वेगळा असलेले पीआरएन अशाने एकसारखे होतात. म्हणून तो स्तंभ आकडे भरण्याआधीच मजकूर म्हणून ठरवावा लागतो. एकदा गेलेला अंक नंतर परत येत नाही. दुबार पीआरएन शोधायला `COUNTIF` वापरलं तर मजकुरातल्या आकड्यांनाही ते अंकच समजतं आणि वेगळे पीआरएन दुबार दाखवतं.

फरक सापडला की यादीत तिथल्या तिथे खाडाखोड करू नये. वेगळ्या शीटवर क्रमांक, दोन्ही नावं आणि कारण लिहावं. आपल्या वर्गातल्या ४११२ आणि ४१३५ ते ४१४१ या आठ जणांच्या उत्तरपत्रिका काढून मुखपृष्ठावरचा क्रमांक आणि आतले गुण पाहावेत, दुरुस्तीवर प्राध्यापकांची सही घ्यावी आणि मग दोन्ही दिशांनी पुन्हा एकदा सूत्र ओढावं.