घाटातला गिअर : भिवंडी ते इगतपुरी

भिवंडी परिसरातल्या काल्हेर, दापोडे, पूर्णा या गावांतील गोदामांमधून माल भरून नाशिककडे निघालेला ट्रक माणकोली किंवा रांजणोली नाक्यावर महामार्गाला लागतो. पडघा, वाशिंद, आसनगाव, खर्डी असे टप्पे घेत तो कसाऱ्याला पोहोचतो आणि घाट चढून इगतपुरीला जातो. खाडीकाठची भिवंडी जवळजवळ समुद्रसपाटीला आहे. इगतपुरी सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. तुंबलेला नाका, मोकळा महामार्ग, चढ आणि परतीचा उतार या चारही परिस्थिती या एकाच मार्गावर भेटतात. गिअरची निवड समजून घेण्यासाठी तो सोयीचा आहे.

गिअर म्हणजे काय

डिझेल इंजिन ठरावीक फेऱ्यांच्या पट्ट्यातच नीट काम करते. रस्त्यावरचा वेग मात्र शून्यापासून ऐंशीपर्यंत बदलत असतो. या दोहोंचा मेळ गिअरबॉक्स घालते. खालच्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेरीसाठी इंजिन अनेक फेऱ्या फिरते; त्यामुळे चाकावर फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, वाढतो आणि वेग कमी होतो. वरच्या गिअरमध्ये याच्या उलट घडते. गिअर नवी शक्ती निर्माण करत नाही. आहे त्या शक्तीतून वेग किती घ्यायचा आणि जोर किती घ्यायचा, एवढेच तो ठरवतो.

उदाहरणाचा ट्रक

पुढील हिशेबासाठी मालासह १६ टन वजनाचा, सहा गिअरचा एक ट्रक धरू. त्याच्या इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क ५०० न्यूटन-मीटर असून तो मिनिटाला १,२०० ते १,६०० फेऱ्यांच्या दरम्यान मिळतो. पूर्ण शक्ती २,४०० फेऱ्यांना मिळते आणि २,८०० नंतर आरपीएम मीटरवरचा लाल पट्टा सुरू होतो. टॉप गिअरचे गुणोत्तर १, पाचव्याचे १.४, चौथ्याचे २.१ आणि तिसऱ्याचे ३.४ आहे. मागच्या आसाचे गुणोत्तर ५ आणि चाकाचा घेर ३.१४ मीटर आहे. प्रत्यक्ष गाड्यांचे आकडे वेगळे असतात, हिशेबाची रीत तीच राहते.

सपाट रस्ता

ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. या वेगाने उदाहरणातले चाक मिनिटाला सुमारे ३१८ वेळा फिरते. टॉप गिअरमध्ये इंजिन त्याच्या पाचपट, म्हणजे सुमारे १,६०० फेऱ्या करते. आरपीएम मीटरचा काटा हिरव्या पट्ट्यात असतो, जोर हाताशी असतो आणि इंधन कमी लागते. याच वेगाला चौथा गिअर ठेवला, तर इंजिनाला ३,३०० च्या पुढे जावे लागेल. उलट, माणकोलीच्या गर्दीत गाडी ताशी २० वर आली आणि टॉप तसाच राहिला, तर फेऱ्या ५३० च्या आसपास उतरतील. वेग बदलला की गिअर बदलावा लागतो, तो या दोन टोकांमुळे.

चढाचा हिशेब

वीस मीटर चालीला एक मीटर उंची, असा चढ घेतला तर १६ टनांचा ट्रक मागे ओढणारे बल सुमारे ७,८०० न्यूटन भरते. टायरांच्या लोळण्याचा विरोध धरून ते ९,१०० च्या आसपास जाते. चाकाची त्रिज्या अर्धा मीटर, आसाचे गुणोत्तर ५ आणि वाटेतली घट एक दशांश धरली, तर टॉप गिअरमध्ये इंजिनाला सुमारे १,०१० न्यूटन-मीटर द्यावे लागतील. इंजिनाची कमाल क्षमता ५०० आहे. पाचव्यात गरज ७२० वर येते, म्हणजे तोही नाही. चौथ्यात ती ४८० होते आणि गाडी ताशी २७ च्या वेगाने, १,५०० फेऱ्यांवर कशीबशी चढते. तिसऱ्यात केवळ ३०० लागतात. चौथा गिअर कागदावर पुरतो, पण त्यात राखीव जोर उरत नाही. एखादे तीव्र वळण आले किंवा पुढचा कंटेनर मंदावला, की चौथा अपुरा पडतो. म्हणून या चढासाठी तिसरा आणि ताशी २० ते २२ हा वेग योग्य ठरतो.

याच डोंगराला रेल्वेने वेगळे उत्तर दिले आहे. कसारा ते इगतपुरी लोहमार्गाचा चढ ३७ मीटरला एक मीटर आहे आणि तो चढण्यासाठी गाड्यांना जादा इंजिने जोडण्याची पद्धत आहे. ट्रकला दुसरे इंजिन जोडता येत नाही. त्याला गिअर उतरवावा लागतो.

गिअर कधी उतरवावा

चढावर क्लच दाबल्याक्षणी ओढ तुटते आणि गाडी लगेच मंदावू लागते. उदाहरणातल्या चढावर दर सेकंदाला ताशी दोन किलोमीटर वेग जातो. गिअर बदलायला दोन सेकंद लागले, तर ताशी चार किलोमीटर गेले. चौथ्यात १,४०० फेऱ्यांवर, म्हणजे ताशी २५ च्या वेगाला, बदल सुरू केला तर तिसरा लागताना वेग २१ असतो आणि इंजिन १,९०० फेऱ्यांवर, भरपूर जोरात पकड घेते. काटा १,००० वर येईपर्यंत थांबले, तर वेग आधीच १८ असतो आणि बदलानंतर १४ उरतो. त्यात गिअर अडला आणि चार सेकंद गेले, तर वेग १० वर येतो. मग तिसराही अपुरा पडून दुसरा शोधावा लागतो. भर चढात उभ्या राहिलेल्या बऱ्याच गाड्यांची गोष्ट इथून सुरू होते. चढ डोळ्यांना दिसताच, वेग हाताशी असताना, गिअर उतरवणे हे चढावरचे मुख्य कौशल्य आहे.

दमलेले इंजिन

फेऱ्या कमी आणि भार जास्त, अशा अवस्थेत इंजिन दमते. पहिली खूण पायाला कळते: अ‍ॅक्सिलरेटर आणखी दाबला तरी वेग वाढत नाही. दुसरी हाताला कळते: गिअरचा दांडा थरथरू लागतो, केबिनचे पत्रे खडखडतात. तिसरी कानाला: सलग घरघर तुटून एकेक ठोका वेगळा, जड ऐकू येतो. जुन्या गाड्यांत चौथी खूण आरशात दिसते, ती काळ्या धुराची. कमी फेऱ्यांत टर्बोचार्जर पुरेशी हवा देत नाही, त्यामुळे जास्तीचे डिझेल अर्धवट जळते आणि काजळी बाहेर पडते. पाण्याचा पंप आणि बहुतेक गाड्यांतला पंखा इंजिनाच्या फेऱ्यांवरच चालत असल्याने थंडावा घटतो व तापमानाचा काटा चढतो. तेलाचा दाबही उतरलेला असतो आणि नेमका त्याच वेळी प्रत्येक ठोक्याचा ताण बेअरिंगांवर सर्वाधिक असतो. पेट्रोल इंजिनात याच अवस्थेत धातूवर टिचकी मारल्यासारखी टकटक ऐकू येते. उपाय एकच, खालचा गिअर. हाफ क्लचवर इंजिन फिरते ठेवल्याने ठोके लपतात, पण क्लचप्लेट जळते. तिचा करपट वास केबिनमध्ये येतो, तोवर नुकसान झालेले असते.

मर्यादेबाहेर फिरणारे इंजिन

सपाटीवर किंवा चढावर डिझेल इंजिन सहसा मर्यादेबाहेर जात नाही, कारण ठरावीक फेऱ्यांनंतर गव्हर्नर किंवा संगणकीय नियंत्रण इंधन तोडते. तिथे फक्त चढा, कर्कश सूर ऐकू येतो आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबूनही ओढ वाढत नाही. अशा वेळी वरचा गिअर टाकावा. खरा धोका उतारावर असतो. तिथे चाके इंजिनाला फिरवतात आणि इंधन तोडल्याने ते थांबत नाही. ताशी ४० च्या वेगाला उदाहरणातल्या ट्रकचा तिसरा गिअर लागला, तर इंजिन ३,६०० फेऱ्यांवर फेकले जाईल. अशा वेगात झडपांच्या स्प्रिंगा झडपांना वेळेवर मिटवू शकत नाहीत, उघडी झडप पिस्टनवर आपटते आणि पुशरॉड वाकतात. म्हणून उतारावर वेग आधी ब्रेकने कमी करायचा आणि मग गिअर उतरवायचा, हा क्रम पाळावा लागतो.

परतीचा उतार

कसारा घाटातली सुमारे ३०० मीटर उंची उतरताना १६ टनांच्या ट्रकमधून जेवढी ऊर्जा बाहेर पडते, तेवढ्यात दीडशे लिटर पाणी उकळेल. तिच्यातला थोडा भाग टायर आणि हवा खातात. उरलेला भाग इंजिनाने घेतला नाही, तर तो ब्रेकच्या ड्रममध्ये जातो. ड्रम तापले की लायनिंगची पकड सुटत जाते आणि पाय पूर्ण दाबूनही गाडी थांबत नाही. या घाटातल्या एका जागेला ‘ब्रेक फेल पॉइंट’ असेच नाव पडले आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिन स्वतःच गाडीला आवरून धरते; एक्झॉस्ट ब्रेक लावल्यास हा आवर आणखी वाढतो. साधारणपणे ज्या गिअरमध्ये भरलेली गाडी घाट चढते, त्याच किंवा त्याखालच्या गिअरमध्ये तो उतरावा आणि गिअर घाटमाथ्यावरच टाकावा. न्यूट्रलमध्ये हा आवर शून्य होतो. शिवाय एकदा वेग वाढला, की खालचा गिअर पुन्हा लागतही नाही.

हिशेबाच्या मर्यादा

रिकामा ट्रक तोच चढ एक-दोन गिअर वरून सहज चढतो, त्यामुळे गिअर रस्त्याइतकाच भारावरही ठरतो. पावसाळ्यात ओल्या उतारावर खालचा गिअर झटक्याने टाकून क्लच एकदम सोडल्यास मागची चाके घसरू शकतात. स्वयंचलित गिअरच्या गाड्यांत निवड यंत्र करते, पण पुढचा उतार त्याला नेहमीच आधी कळतो असे नाही. घाटात तिथेही खालचा गिअर हाताने धरून ठेवावा लागतो. ५ जून २०२५ पासून समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला असून आमणे भिवंडी तालुक्यातच आहे. लांब बोगद्यांमुळे त्या मार्गाने कसाऱ्याची वळणे टळतात. जुन्या घाटातून जाणाऱ्या प्रत्येक भरलेल्या गाडीला मात्र नियम तोच आहे : चढाचा गिअर पायथ्याशी आणि उताराचा गिअर माथ्यावर ठरतो.