लादीखालचा कोबा का सुटतो?

बेडरूममध्ये लाकडी फ्लोअरिंग करायचं ठरलं आणि लेव्हल लावल्यावर दिसलं, की दारापासून खिडकीपर्यंत स्लॅब १२ मिलिमीटर उतरलेला आहे. अशा वेळी "दाराशी शून्य धरू, खिडकीशी बारा एमएम भरू" असा सल्ला मिळतो. तो ऐकू नये. सिमेंट-रेतीचा कोबा शून्यावर आणता येत नाही. पातळ कडेतलं पाणी चटकन उडून जातं, सिमेंट कच्चं राहतं आणि त्याचा भुगा होतो.

स्लॅबला चिकटवून टाकायच्या कोब्याला ब्रिटिश मानक बीएस ८२०४ किमान २५ आणि साधारण ४० मिलिमीटरपर्यंत जाडी धरतं. खालची मर्यादा सगळ्यांना पटते. वरची पटत नाही, कारण जाड म्हणजे मजबूत असं आपण धरून चालतो. पण कोबा वरून आधी वाळतो आणि आकसतो. खालचा भाग तेव्हा ओलाच असतो. त्यामुळे त्याच्या कडा पापडासारख्या वर वळू पाहतात. जाडीबरोबर ही ओढ वाढते. ती पकडीपेक्षा जास्त झाली, की कोपऱ्यातून कोबा सुटतो. म्हणून ४०च्या वर जायचंच असेल, तर प्लॅस्टिक अंथरून स्लॅबपासून वेगळा, किमान ५० मिलिमीटरचा थर टाकतात. तो मुख्यतः वजनावर बसून राहतो.

आपल्या खोलीत कोबा दाराशी २५ आणि खिडकीशी ३७ होईल. जमीन तेवढी उचलेल, दार खालून तासावं लागेल. ते शक्य नसेल तर सेल्फ-लेव्हलिंग कंपाउंड ३ ते १५ मिलिमीटर ओतता येईल, मात्र पोत्यावर लिहिलेली जाडीची मर्यादा तेवढी हवी. १२ चौरस मीटरच्या खोलीला सुमारे १८५ किलो, म्हणजे २५ किलोची साडेसात पोती लागतील.

पकड मिळवायला स्लॅबला टाचे मारायचे, धूळ धुऊन काढायची, रात्रभर भिजवून साचलेलं पाणी पुसायचं आणि सिमेंटची स्लरी ब्रशने घासून लावायची. स्लरी ओली असतानाच माल पडला पाहिजे. ती वाळली तर चिकटवण्याऐवजी दोन थर वेगळे करते. माल मुठीत दाबल्यावर गोळा राहावा, पण पाणी सुटू नये. नंतर आठवडाभर प्लॅस्टिकने झाकायचं.

कंपाउंडचं दुखणं वेगळं. प्रायमर नसेल तर कोरडा पृष्ठभाग त्यातलं पाणी शोषतो आणि वर बुडबुड्यांची छिद्रं पडतात. खालचा कोबा भुसभुशीत असेल, तर वरचा मजबूत थर आकसताना त्याची साल ओढून काढतो. म्हणून ओतण्याआधी खिळ्याने ओरखडा काढून पाहावा. पावडर निघाली तर आधी तो भाग घासून काढावा लागतो.

लाकूड लावण्याआधी कोबा मिलिमीटरला एक दिवस, या हिशेबाने वाळायला हवा. पावसाळ्यात बराच जास्त. शेवटी हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहावं. पोकळ आवाज आला म्हणून लगेच उखडू नये. तिथे तडा नसेल आणि पाय दिल्यावर हलत नसेल, तर तो भाग राहू द्यावा. हलत असेल तर तेवढाच चौकोन कापून पुन्हा भरावा.